सूचना : पुरामुळे शाहूपुरी कार्यालय उद्यापासून बंद

कोल्हापूर, गुरुवार, 24 जुलै, सायंकाळी 5 वाजता

सर्व कर्मचाऱ्यांसाठी,

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी आज दुपारी 3 वाजता 41 फुटांवर गेली. धोका पातळी 43 फूट आहे आणि पाऊस थांबलेला नाही. जयंती नाल्याला फुगवटा आला की आपल्या गल्लीत पाणी शिरायला वेळ लागत नाही, हे 2019 आणि 2021 मध्ये आपण पाहिलं आहे. म्हणून शाहूपुरीचं कार्यालय आणि तळमजल्यावरचं औषधांचं गोदाम शुक्रवार, 25 जुलैपासून बंद राहील. सगळ्यांनी आज 6 वाजेपर्यंत निघावं. राहिलेला माल हलवायला कोणीही मागे थांबू नये. इन्सुलिन आणि लसी दुपारीच गोकुळ शिरगावच्या गोदामात पोहोचल्या आहेत, बाकीचं नुकसान भरून काढता येईल.

या दिवसांत औषधं थांबवून चालणार नाही. रुग्णालयांच्या आणि डायलिसिस केंद्रांच्या ऑर्डरी गोकुळ शिरगावहून रोज सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेत जातील. उचगाव, उजळाईवाडी, राजारामपुरी या भागांत राहणाऱ्या बिलिंग आणि डिस्पॅचच्या लोकांनी, रस्ता मोकळा असेल तरच, तिथे यावं. शिरोली, हातकणंगले, शिये, आंबेवाडी, चिखली इकडच्या कोणीही नदी ओलांडून येऊ नये. महामार्ग सुरू दिसला तरी येऊ नका. सकाळी आलात आणि संध्याकाळी रस्ता बंद झाला तर घर पलीकडे राहतं. हिशेब विभागाने घरून काम करावं. वीज किंवा नेटवर्क गेल्यास नंतर नुसतं कळवलं तरी पुरे.

बंदच्या सर्व दिवसांची हजेरी पूर्ण धरली जाईल, रजा कापली जाणार नाही. पगार 31 तारखेलाच जमा होईल. ज्यांच्या घरात पाणी येण्याची शक्यता आहे त्यांनी कामाचा विचार न करता आधी माणसं आणि जनावरं हलवावीत. स्थलांतरासाठी उचल हवी असल्यास शाखा व्यवस्थापकांना फोन करा, अर्ज नंतर द्या. शहराच्या उपसा केंद्रांत पाणी गेलं की नळ बंद होतात, तेव्हा पिण्याचं पाणी आजच भरून ठेवा.

मंगळवार, 29 जुलैला कार्यालय उघडण्याचा विचार आहे, पण ते तारखेवर नव्हे, पाण्यावर ठरेल. पातळी 39 फुटांच्या खाली आली आणि गल्ली मोकळी झाली की आधी वायरमन मीटर आणि वायरिंग तपासेल. त्यानंतर गाळ काढणं आणि जंतुनाशक फवारणी होईल. हे काम बाहेरची माणसं करतील. गाळात साप असतात, लेप्टोची भीती असते, त्यामुळे आपल्यापैकी कोणी उत्साहाने फावडं घेऊन येऊ नये. पाण्यात भिजलेली औषधं नोंद करून नष्ट होतील, एकही पट्टी विक्रीला जाणार नाही. साफसफाईनंतर पहिल्या दिवशी फक्त गोदाम आणि बिलिंग, दुसऱ्या दिवसापासून सगळे.

रोज संध्याकाळी 6 वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढचा निर्णय येईल. तो वाचल्यावर प्रत्येकाने ‘सुखरूप’ एवढं लिहावं. ज्यांचं उत्तर रात्री 8 पर्यंत येणार नाही, त्यांच्या घरी आम्ही फोन करू.

शाखा व्यवस्थापक
शाहूपुरी, कोल्हापूर