वर्षअखेरची सवलत, २५ ते ३१ डिसेंबर

२५ डिसेंबर
नाताळच्या शुभेच्छा! सुरुवात सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीने. चूल, जातं, उखळ, पाटा-वरवंटा, सगळं हाताने रंगवलेलं. आज आणि उद्या २० टक्के सूट. संच मोजकेच आहेत. कारागीर घाई करत नाहीत, आणि म्हणूनच ही भातुकली आम्हाला इतकी आवडते.

२७ डिसेंबर
चन्नपट्टणचे लाखेने रंगवलेले भोवरे: दोन घ्या, तिसरा मोफत. फक्त आज.

२८ आणि २९ डिसेंबर
शनिवार-रविवार घरात सगळे असतात, तेव्हा कॅरम काढा! बोर्डावर १५ टक्के सूट, सोंगट्या आणि स्ट्रायकर आमच्याकडून. सापशिडी, बुद्धिबळावरही तितकीच सूट.

३० डिसेंबर
बॅटरीच्या गाड्या, ठोकळे २५ टक्के कमी. खरेदी कुठेही करा, पण कारखान्यात बनलेल्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघाच. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. तीन वर्षांखालच्या बाळासाठी सुटे बारीक भाग असलेलं काही घेऊ नका. वय सांगा, आम्ही निवडून देऊ.

३१ डिसेंबर
उरलेल्या सगळ्या मालावर ३० टक्के. दुकान रात्री ९ पर्यंत उघडं. बिल जपून ठेवा, ७ जानेवारीपर्यंत बदलून मिळेल.