एसटीने येणारी पेटी आणि उघडं कुलूप

(अमळनेर, बी.ए. आणि बी.कॉम. द्वितीय वर्ष. गणित दहावीनंतर सोडलेल्यांसाठीसुद्धा.)

आजचा विषय, इंटरनेटवर निरोप गुप्त कसा जातो. टेबलावर काय ठेवलंय ते आधी बघून घ्या. एक पत्र्याची पेटी, दोन कुलुपं आणि एक किल्ली. पेटी माझ्या वसतिगृहाच्या दिवसांतली आहे. हिची कडी एका बाजूला कापलेली का दिसते, ते पुढे सांगतो.

तुमच्यापैकी निम्म्यांचा डबा सकाळच्या एसटीने येतो. आई गावाच्या फाट्यावर डबा कंडक्टरच्या हातात देते, तो सीटखाली सरकवतो, आणि तुम्ही स्टँडवर जाऊन घेता. डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत असतं, म्हणून कोणाला चिंता नसते. फार तर एखादा मित्र वाटेत झाकण उघडून बघेल. पण समजा एखाद्या दिवशी आईला परीक्षा फीचे पैसे पाठवायचे आहेत, आणि सोबत घरातली एखादी गोष्ट सांगणारी चिठ्ठी. आता मधला प्रत्येक हात महत्त्वाचा झाला. इंटरनेटवर तुमचा निरोप असाच जातो. तुमच्या फोनपासून समोरच्या फोनपर्यंत तो कित्येक यंत्रांच्या हातांतून फिरतो, आणि ते हात कोणाचे, हे तुम्हाला माहीत नसतं.

साधा उपाय म्हणजे पेटीला कुलूप. पण मग किल्ली? आईने कुलूप लावून पेटी पाठवली तर तुमच्याकडे तशीच दुसरी किल्ली हवी. ती कशी पाठवणार? त्याच एसटीने पाठवली तर कुलूप लावलं काय नि न लावलं काय, सारखंच. दिवाळीला घरी गेलात तेव्हा किल्ली घेऊन ठेवली असेल तर ठीक. हजारो वर्षं गुप्त लिखाण असंच चाललं. दोघांनी आधी भेटायचं, एक गुपित ठरवायचं, मग दूर जायचं. राजांचं, सैन्याचं यावर भागलं. पण सुरतच्या ज्या दुकानदाराचं तुम्ही तोंडही पाहिलेलं नाही, त्याच्याकडून ऑनलाइन साडी मागवताना कार्डाचा नंबर कसा पाठवणार? आधी सुरतला जाऊन किल्ली देऊन येणार?

आणखी एक हिशेब, कॉमर्सवाल्यांसाठी. या वर्गात तुम्ही 40 जण आहात. प्रत्येकाला प्रत्येकाशी गुप्त बोलायचं असेल आणि प्रत्येक जोडीची किल्ली वेगळी हवी असेल, तर 40 गुणिले 39 भागिले 2, म्हणजे 780 किल्ल्या. एका वर्गाच्या!

आता हे कुलूप नीट बघा. दांडी वर आहे, म्हणजे उघडं आहे. मी दाबतो. खट्‌. लागलं. किल्ली कुठे होती? माझ्या खिशात. लावायला किल्ली लागलीच नाही, फक्त उघडायला लागते. रोज घरी हे करत असाल, पण त्यात एवढं काही दडलंय असं कधी वाटलं नसेल.

मग असं करा. कुलूपवाल्याकडून पंधरा-वीस कुलुपं बनवून घ्या, सगळी एकाच किल्लीने उघडणारी. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवा, कोणालाच देऊ नका, आईलासुद्धा नाही. आणि कुलुपं उघडीच गावभर वाटा. आईला एक, मामाला एक, स्टँडवरच्या पानटपरीवर चार लटकवून ठेवा. ज्याला तुम्हाला काही गुपचूप पाठवायचंय त्याने पेटीत ठेवावं, तुमचं कुलूप दाबावं, एसटीत द्यावं. कंडक्टरने तुमचं कुलूप दहा वेळा पाहिलं, टपरीवरून स्वतः एक घेऊन घरी नेलं, तरी पेटी उघडत नाही. आणि गंमत म्हणजे कुलूप दाबल्यानंतर खुद्द आईलाही ती उघडता येत नाही. चिठ्ठीत काही लिहायचं राहिलं तर दुसरी पेटी.

780 किल्ल्यांची भानगड संपली. 40 मुलं, 40 किल्ल्या, प्रत्येकाची आपापल्या गळ्यात.

हीच पब्लिक की एन्क्रिप्शन. पण नावातच घोळ आहे, आणि दरवर्षी पेपरात याच जागी गाडी घसरते. ‘पब्लिक की’ला आपण ‘सार्वजनिक किल्ली’ म्हणतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की किल्लीच सगळ्यांना वाटली. नाही हो. सार्वजनिक किल्ली म्हणजे उघडं कुलूप, आणि खासगी किल्ली म्हणजे दोऱ्यातली किल्ली. मला विचाराल तर पहिल्या दिवसापासून त्याला ‘सार्वजनिक कुलूप’ म्हणायला हवं होतं.

पेटीची आणखी एक गोष्ट तुम्हाला कुठेतरी ऐकायला मिळेल. मी माझं कुलूप लावून पेटी तुमच्याकडे पाठवतो, तुम्ही तिला तुमचंही कुलूप लावून परत पाठवता, मी माझं काढतो, पुन्हा पाठवतो, तुम्ही तुमचं काढता. कोडं म्हणून झकास आहे. पण त्यात पेटीच्या तीन फेऱ्या होतात, आणि उघडं कुलूप वाटण्याची मूळ कल्पनाच त्यात नाही. म्हणून मी ती वापरत नाही.

ही कल्पना छापून जगासमोर आली 1976 मध्ये. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी सांगितलं की लावण्याची आणि उघडण्याची किल्ली वेगळी असू शकते. पण तसं एन्क्रिप्शनचं कुलूप प्रत्यक्षात त्यांच्याकडे नव्हतं. ते 1977 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी बनवलं. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे आरएसए. ब्रिटनच्या सरकारी गुप्तसंदेश खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांनी 1973 मध्येच जवळपास हेच शोधलं होतं, पण ते 1997 पर्यंत बाहेर येऊ दिलं नाही. गुपित राखण्याचं शास्त्र शोधलं आणि तेच गुपित राहिलं.

आता कुलूप कशाचं बनवलंय ते. लोखंडाचं नाही, गुणाकाराचं. 89 गुणिले 97 करा. कागदावर अर्धा मिनिट. 8633. आता उलटं: 8633 हा कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार, हे मी आधी न सांगता विचारलं असतं तर? 3 ने भागून बघा, 7 ने, 11 ने, 13 ने… तास संपला असता. एका बाजूने दाबलं की खट्‌, उलट्या बाजूने घाम. मूळ संख्या शेकडो आकडी घेतल्या की घाम मोठमोठ्या संगणकांनाही फुटतो. 2020 मध्ये संशोधकांनी 250 आकडी संख्या फोडली, त्यालाही ढिगाने संगणक लागले. आज वापरात असलेल्या आरएसएच्या संख्या साधारण 617 आकडी असतात. एक बारकावा, आपल्या अभिमानाचा: एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने सांगण्याची रीत 2002 मध्ये कानपूरच्या आयआयटीत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी शोधली. म्हणजे ‘ही मूळ नाही’ एवढं लवकर कळतं, पण ‘मग हिचे अवयव कोणते’ हे कळत नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत.

एक खेळण्यातलं कुलूप करून बघू. अडत्यांकडे असतो तो बारा आकडी कॅल्क्युलेटर काढा. मी दोन मूळ संख्या निवडल्या, 3 आणि 11. गुणाकार 33. माझं उघडं कुलूप म्हणजे 3 आणि 33 ही जोडी, ती फळ्यावर लिहिली, सगळ्यांनी पाहिली. यातला 3 घन करायला सांगणारा, मूळ संख्येतला 3 नव्हे; दोन्ही सारखे आले हा योगायोग. पेटीत ठेवायचा आकडा 4. पाठवणारा त्याचा घन करतो आणि 33 ने भागून बाकी घेतो:

```
4 × 4 × 4 = 64
64 ÷ 33 → बाकी 31
```

31 हा आकडा एसटीने आला. वाटेत कंडक्टरनेही वाचला. आता माझी किल्ली: 7. ती कुठून आली? 3 आणि 11 मधून एकेक वजा करून गुणलं: 2 × 10 = 20. कुलुपातल्या 3 ला कितीने गुणलं तर 20 च्या पटीपेक्षा एक जास्त येतं? 7 ने, कारण 21. हे 20 काढायला 3 आणि 11 माहीत हवेत, नुसते 33 पुरत नाहीत. सगळी मेख इथे आहे.

```
31 × 31 × 31 × 31 × 31 × 31 × 31 = 27512614111
27512614111 ÷ 33 → बाकी 4
```

चार परत आले. असं का होतं याची सिद्धता आज नाही. ज्यांना हवी त्यांनी तासानंतर थांबा.

आता पेटीच्या गोष्टीत कुठे भोक आहे ते. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, टपरीवरलं कुलूपच बदली टाकं तं?” आख्ख्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न. टपरीवाल्याने तुमची कुलुपं काढून स्वतःची लटकवली, वर नाव तुमचंच लिहिलं. आई बिचारी तेच दाबणार. टपरीवाला पेटी उघडून चिठ्ठी वाचणार, मग तुमचं खरं कुलूप लावून पुढे धाडणार. तुम्हाला पत्ताच नाही. गणित कितीही पक्कं असो, कुलूप कोणाचं हे गणित सांगत नाही. म्हणून बँकेच्या वेबसाइटचं कुलूप खरोखर त्या पत्त्याचंच आहे, असं लिहून देणाऱ्या संस्था असतात. त्यांच्या दाखल्याला सर्टिफिकेट म्हणतात, आणि तुमचा ब्राउझर तो तपासतो. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीच्या नावावर जाऊन एन्क्रिप्शन उघडलंत तर 60 आकडे दिसतात. दोघींनी समोरासमोर बसून ते जुळवले की मध्ये टपरीवाला नाही, हे कळतं. मी वर्गात विचारतो, आजवर एकाही हाताने ‘जुळवले’ म्हणून सांगितलेलं नाही.

आणि वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणून समोरचा माणूस सज्जन ठरत नाही. पेटी बंद आली एवढंच. भामटाही कुलूप विकत घेऊ शकतो.

पेटीच्या कडीबद्दल. वसतिगृहात असताना माझी किल्ली बोरी नदीच्या पात्रात पडली. दोन दिवस आईचा लाडू पेटीत आणि मी बाहेर. शेवटी करवत आणून कडी कापली. गणिताच्या कुलपाला करवत नाही. खासगी किल्ली हरवली, तर आतलं तुमचं असूनही तुम्हाला मिळत नाही, आणि ‘किल्ली विसरलात?’ असं विचारणारं बटणही नसतं.

उद्या जादा तास आहे. तो सकाळी किती वाजता, हे मी कुलूपबंद करून देतो. कुलूप आहे 3 आणि 55, आणि कुलूप लावल्यावर आलेला आकडा 17. किल्ली देणार नाही. 55 चे अवयव काढा, नाहीतर सरळ एक ते बाराचे घन करत बसा, कारण एवढं लहान कुलूप तसंही फुटतं. जो वेळेवर आला त्याने फोडलं असं मी समजेन.