विषय: प्रतिभा कारंजीच्या परिपत्रकात तारीख व ठिकाण नसल्याबाबत

दि. 13 नोव्हेंबर 2024, बुधवार

मा. मुख्याध्यापक व कार्यालयीन कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या शाळेतील इयत्ता सातवीची विद्यार्थिनी कु. ऋतुजा हिचा पालक आहे. तिचा हजेरी क्रमांक 14 आहे. सोमवारी, दि. 11 रोजी, तिच्याकडून शाळेचे परिपत्रक आमच्या हाती आले. क्लस्टर पातळीवरील प्रतिभा कारंजी स्पर्धेत मातीकामासाठी तिची निवड झाल्याचे त्यात वाचून घरात सर्वांनाच आनंद झाला. आमच्या घरातले मूल शाळेबाहेरच्या कलास्पर्धेला जाण्याची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे ते परिपत्रक आम्ही दोन-तीनदा वाचले आणि तेव्हाच लक्षात आले की स्पर्धा कोणत्या दिवशी आहे आणि कोणत्या गावी, कोणत्या शाळेत आहे, याचा उल्लेख त्यात कोठेही नाही.

प्रथम मला वाटले की मराठी मजकूर उतरवून घेताना एखादी ओळ राहून गेली असावी, म्हणून मागच्या बाजूचा कन्नड मजकूर पाहिला. मला कन्नड बोलता येते, पण वाचायला वेळ लागतो. तेव्हा ऋतुजाने आणि शेजारच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने तो मोठ्याने वाचून दाखवला. तेथेही ‘ठरलेल्या दिवशी सकाळी 8.30 वाजता स्पर्धेच्या ठिकाणी हजर राहावे’ एवढेच आहे. मुलांनी गणवेशात यावे, डबा व पाण्याची बाटली आणावी, मातीकामाचे साहित्य स्वतःचे आणावे, उशीर झाल्यास भाग घेता येणार नाही, हे सारे दोन्ही भाषांत स्पष्ट लिहिले आहे. वेळ मिनिटासकट कळली, पण ती कोणत्या दिवसाची आणि कोणत्या दारासमोरची हे मात्र कळले नाही, याचे थोडे हसूही आले आणि काळजीही वाटली.

ऋतुजाला विचारले तर ती म्हणते की बाईंनी ‘सांगू’ असे सांगितले आहे. काल दुपारी कार्यालयात दोनदा फोन केला, पण तो उचलला गेला नाही; बहुधा मधल्या सुट्टीची वेळ असावी, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारले तेव्हा एका पालकांनी शनिवारी खानापुरात असे लिहिले, दुसऱ्यांनी पुढच्या मंगळवारी नंदगडला असे लिहिले, आणि तिसऱ्यांनी या दोन्ही उत्तरांना अंगठा दाखवला. गेल्या वर्षी क्रीडास्पर्धेच्या वेळी अशाच ऐकीव माहितीवर आम्ही काही पालक मुलांना घेऊन एका मैदानावर गेलो होतो आणि स्पर्धा दुसरीकडेच होती. तेव्हापासून मी ठरवले आहे की अशी गोष्ट शाळेकडूनच समजून घ्यायची, म्हणून हा मजकूर आपल्याला लिहीत आहे.

परिपत्रकाच्या खाली जे संमतीपत्र जोडलेले आहे, ते शुक्रवारपर्यंत सही करून परत द्यायचे आहे. त्यात ‘माझ्या पाल्यास खालील दिवशी, खालील ठिकाणी पाठविण्यास माझी संमती आहे’ असे छापलेले आहे आणि त्याखाली तारीख व ठिकाण यांसाठी सोडलेल्या दोन्ही ओळी कोऱ्या आहेत. ज्या कागदावर दिवस आणि जागा नाही, त्या कागदावर सही करायला माझे मन तयार होत नाही. यात शाळेवर अविश्वास मुळीच नाही. आपल्या बाईंच्या हाती मुलगी सोपवताना आम्ही आजवर कधी दुसरा विचार केलेला नाही. पण संमती द्यायची ती कशाला, हे त्या कागदातच असायला हवे, आणि उद्या काही कमी-जास्त झाले तर शाळेच्याही दृष्टीने कोरा कागद हाताशी असणे बरे नाही, असे मला वाटते. त्या दोन ओळी कार्यालयातून भरून, शाळेचा शिक्का मारून कागद परत पाठवल्यास त्याच दिवशी सही करून देईन.

तारीख आधी कळणे आम्हाला इतके का गरजेचे आहे, हेही सांगतो. सध्या आमच्याकडे भाताची सुगी सुरू आहे. कापणी झालेल्या शेतात भात पसरून आहे, मळणी यंत्राची पाळी गावात ठरलेली असते आणि एकदा चुकली की पुन्हा आठवडाभर मिळत नाही. ऋतुजाची आई पैऱ्याने दुसऱ्यांच्या शेतात जाते, म्हणजे तिचा दिवस आज आपला असला तरी उद्या दुसऱ्याच्या हिशेबात असतो. माझे आई-वडील कार्तिकी एकादशीसाठी पंढरपूरला गेले आहेत आणि पौर्णिमा करूनच शनिवारी परत येणार आहेत, त्यामुळे सध्या मुलीबरोबर जाण्यासाठी आम्हा दोघांपैकीच कोणाला तरी वेळ काढावा लागेल. दोन दिवस आधी कळले तरी आम्ही पाळी बदलून घेऊ शकतो. आदल्या रात्री कळले तर तेही जमणार नाही.

ठिकाणाचेही तसेच आहे. आमचे गाव जांबोटी रस्त्यापासून आत आहे. सकाळी खानापूरला जाणारी पहिली बस मिळाली तर खानापुरातील स्पर्धेला साडेआठपूर्वी पोहोचता येते. पण स्पर्धा नंदगडच्या बाजूला किंवा आणखी पुढे असेल तर खानापूर स्थानकावर दुसरी बस पकडावी लागते आणि मग ती वेळ गाठणे अवघड आहे. शक्ती योजनेमुळे तिच्या आईला आणि तिला तिकिटाचा खर्च नाही, त्यामुळे अडचण पैशाची नाही, फक्त बसच्या वेळेची आहे. तशी वेळ आल्यास आदल्या दिवशी खानापुरात पाहुण्यांकडे मुक्कामाला ठेवण्याची सोय आम्ही करू, पण त्यासाठीही दिवस कळायला हवा. परतीच्या वेळेचाही अंदाज मिळाल्यास बरे होईल, कारण बस थांब्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता जंगलातून आहे आणि या दिवसांत संध्याकाळी त्या रस्त्यावर गवे उतरतात. अंधार पडण्याआधी मुलगी घरी यावी, किंवा तिला आणायला कोणीतरी थांब्यावर उभे असावे, एवढीच इच्छा आहे.

आता एक गोष्ट जी कदाचित आपल्या लक्षात आली नसेल, ती मातीची. ऋतुजा बैलगाडी करणार आहे. त्यासाठी खानापुरातील ओळखीच्या कुंभारांकडून लाल माती आणली आहे. ती भिजवून, चाळून, खडे काढून, मळून तयार करायला तीन दिवस गेले. आता ती ओल्या गोणपाटात गुंडाळून पडवीत घमेल्याखाली ठेवली आहे आणि ऋतुजा सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडते. माती थोडी जास्त ओली राहिली तर बैलाचे पाय शरीराच्या वजनाने वाकतात. परवा सरावाच्या वेळी पूर्ण झालेला बैल पाचच मिनिटांत गुडघ्यावर बसला आणि ती रडकुंडीला आली. आणि थोडी जास्त सुकली तर शिंग वळवताना तडा जातो. स्पर्धेच्या दिवशी माती नेमकी हव्या त्या ओलीची असावी, तर उलट मोजून दोन दिवस आधी पाणी बंद करावे लागते. कोणत्या दिवसापासून उलट मोजायचे हेच माहीत नसल्याने ती बिचारी रोज माती दाबून बघते आणि रोज विचारते, ‘पप्पा, आज पाणी घालू की नको?’ तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

शिवाय चार-पाच किलो माती, पाटी आणि कोरण्याच्या काड्या घेऊन गर्दीच्या बसमधून जायचे आहे. ज्या शाळेत स्पर्धा आहे तेथे माती मिळणार असेल, तर आम्ही आमची माती नेण्याऐवजी ती तेथलीच वापरू. पण मग ती माती कशी असते हे आधी कळले तर मुलीला त्या मातीवर हात बसवता येईल. परिपत्रकात साहित्य स्वतःचे आणावे असे लिहिले आहे, त्यात मातीही येते की फक्त पाटी-काड्या, हेही कृपया सांगावे.

तेव्हा माझी विनंती अशी की स्पर्धेची तारीख व वार, जेथे स्पर्धा होणार त्या शाळेचे व गावाचे नाव, मुलांना शाळा घेऊन जाणार आहे की पालकांनी थेट तेथे पोहोचवायचे आहे, आणि परतण्याचा अंदाजे वेळ, एवढे उद्या, गुरुवार दि. 14 रोजी शाळा सुटण्यापूर्वी कळवावे. क्लस्टरच्या कार्यालयाकडून अद्याप तारीखच आलेली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘अजून ठरलेले नाही’ हे उत्तरही आम्हाला चालेल, कारण मग निदान या शनिवारी तरी स्पर्धा नाही हे समजून आम्ही मळणी उरकून घेऊ, आणि ऋतुजाही माती ओलीच ठेवील. ज्या पालकांनी विचारले नाही त्यांचाही गोंधळ आहेच. तेव्हा दुरुस्तीचे दुसरे परिपत्रक सर्वांनाच दिले तर आणखी बरे होईल.

सुगीच्या आणि स्पर्धांच्या या दिवसांत आपल्या कार्यालयावर किती कामे असतात याची कल्पना आहे. एवढ्या मुलांची नावे, साहित्य, गणवेश सांभाळताना एखादी ओळ राहून जाणे स्वाभाविक आहे, म्हणून यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. मातीकामाचा सराव बाई शाळा सुटल्यानंतर थांबून घेतात, त्याबद्दल त्यांचे आभार ऋतुजाच्या आईने आवर्जून कळवायला सांगितले आहेत.

आपला नम्र,
परशराम गावडे
(कु. ऋतुजा गावडे, इयत्ता सातवी, हिचे वडील)
ता. खानापूर, जि. बेळगाव

ता. क.: आमच्या गावात मोबाइलची रेंज सकाळी आठपर्यंत आणि रात्री आठनंतरच नीट मिळते, त्यामुळे दिवसा पाठवलेला संदेश मला उशिरा दिसेल. कृपया उत्तर ऋतुजाच्या डायरीतही लिहून द्यावे. संमतीपत्र सही न करता तिच्या दप्तरात ठेवले आहे. तारीख आणि ठिकाण भरण्यासाठी ते उद्या सकाळी ती कार्यालयात देईल.