विषय: विद्यार्थ्यांसाठी मोबाइल व्हिडिओ कार्यशाळा (सशुल्क), १० व १७ जानेवारी २०२६

मा. प्राचार्य महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अमोल, आपल्याच महाविद्यालयाचा २०१४ चा बी.कॉम.चा विद्यार्थी. गेली नऊ वर्षं वाई-सातारा भागात लग्नाचं शूटिंग आणि दुकानांच्या छोट्या जाहिराती करतो. महाविद्यालयात मोबाइलवर व्हिडिओ बनवण्याची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी, असा प्रस्ताव आहे.

दिवस सलग नकोत, लागोपाठचे दोन शनिवार हवेत. मागे एका ठिकाणी मला एका दुपारी ऐंशी मुलांसमोर बोलायला लावलं होतं. टाळ्या भरपूर मिळाल्या, पण व्हिडिओ एकाचाही तयार झाला नाही. म्हणून या वेळी तीसच विद्यार्थी, पाच-पाच जणांचे सहा गट. गटात एक बरा फोन असला की पुरे. फोन नाही म्हणून कुणी मागे राहायला नको.

पहिल्या शनिवारी सकाळचा वेळ फक्त आवाजाला. चित्र थोडं हललं तर लोक चालवून घेतात, पण पंख्याच्या घरघरीत बोलणं बुडालं की पुढे सरकतात. कॉलर माइक कुठे लावायचा, खोलीतला घुमणारा आवाज चादरी टांगून कसा मारायचा, हे करून बघू. दुपारी कॅमेरा: फोकस आणि उजेड लॉक करणं, आणि ट्यूबलाइटखाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की त्या सहसा जातात.

मधल्या आठवड्यात संक्रांत आहे. प्रत्येक गटाने सुगडी विकणारे, तिळगूळ वळणारं घर, असा एक विषय निवडून संबंधितांच्या परवानगीने चित्रीकरण करायचं. दुसऱ्या शनिवारी ते कापून, जोडून, मराठी सबटायटल देऊन तीन मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण करायचा. गाणी उचलून लावायची नाहीत. मोफत वापरता येणारं संगीत कुठे मिळतं ते दाखवीन. संध्याकाळी पाचला सहाही व्हिडिओ सभागृहात दाखवू. आपण यावं, ही विनंती.

दोन्ही दिवस १० ते ५. एकूण मानधन २४,००० रुपये, म्हणजे विद्यार्थ्यामागे ८००. त्यात सहा माइक, सहा ट्रायपॉड, माझा एक सहायक आणि नंतर महिनाभर शंकांना उत्तरं, हे सगळं आलं. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर लागणार नाही. निम्मी रक्कम तारीख नक्की झाल्यावर, उरलेली दुसऱ्या शनिवारनंतर पंधरा दिवसांत बँकेत जमा व्हावी. शुल्क विद्यार्थ्यांकडून घ्यायचं की महाविद्यालयाने भरायचं, हे आपण ठरवावं. फुकट मात्र करणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं; हे दोन शनिवार मी दुसरी कामं न घेता मोकळे ठेवतोय.

महाविद्यालयाकडून प्रोजेक्टर, संगणक कक्ष आणि पंखे बंद करता येतील अशी एक खोली लागेल.

२० डिसेंबरपर्यंत कळवलंत तर तारखा धरून ठेवतो. त्याआधी कधीही दुपारी येऊन, मी केलेलं काम दाखवू शकेन.

आपला,
अमोल
व्हिडिओ चित्रीकरण व संकलन, वाई