विषय: वर्षभराच्या खोक्यांची एकत्रित ऑर्डर, दर आणि पैसे देण्याची मुदत

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामात आमची मागणी एकदम वाढली तेव्हा तुम्ही रविवारी मशीन चालू ठेवून माल दिलात. आमची पाठवणी त्यामुळेच थांबली नाही. पुढच्या वर्षाचा बेत आखताना म्हणूनच पहिलं पत्र तुम्हाला लिहितो आहोत. दुसरीकडून कोटेशन मागवलेलं नाही.

आज आपला व्यवहार असा चालतो: महिन्याला साधारण 5,000 पाच पदरी खोकी, तीन मापांत, दीड-दोन हजारांच्या तुकड्यांनी. म्हणजे वर्षात 36 वेळा तुमचं मशीन आमच्यासाठी नव्याने लावावं लागतं. दर वेळी सुरुवातीची शीट्स वाया जातात, छपाईचा ब्लॉक बदलावा लागतो आणि गाडी अर्धी रिकामी येते. हा खर्च तुम्ही दरात धरता, आणि ते योग्यच आहे. आम्हाला तो खर्चच कमी करायचा आहे.

त्यासाठी आमच्याकडून दोन बदल. सर्वांत लहान माप बंद करतो. तो माल मधल्या मापात आडवी पट्टी घालून बसतो, हे आम्ही भरून आणि पाडून तपासलं आहे. दुसरं, वर्षाला 60,000 खोक्यांची बांधिलकी घेतो. दर दोन महिन्यांनी 10,000 खोक्यांची एक ऑर्डर, दोन्ही मापं मिळून. मशीन वर्षात 12 वेळाच लावावं लागेल आणि कागदाची रिळं तुम्हाला एकदम घेता येतील. माल मात्र दर पंधरवड्याला 2,500 च्या लॉटने हवा. सगळा एकदम उतरवला तर दमट हवेत खोकी ओल धरतात, थर लावल्यावर खालची दबतात, आणि मग दोष कोणाचा यावर आपल्यात विनाकारण वाद होईल.

या बदल्यात सध्याच्या दरावर 8 टक्के सूट द्यावी, ही विनंती. पहिल्याच ऑर्डरला ते जड वाटत असेल तर पहिल्या दोन ऑर्डरना 6 टक्के धरा आणि तिसरीपासून 8. वर्षअखेर आमची उचल 54,000 च्या खाली राहिली, तर घेतलेल्या सुटीतले 3 टक्के आम्ही परत करू; हे लिहून देतो. कागदाचा भाव 5 टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली गेला तर दर पुन्हा बसून ठरवू, पण ज्या ऑर्डरची आगाऊ रक्कम दिली आहे तिचा दर बदलू नये. एक गोष्ट आवर्जून: सूट बसवण्यासाठी कागदाचं जीएसएम किंवा बर्स्टिंग कमी करू नका. 8 टक्के त्याशिवाय बसत नसतील तर स्पष्ट सांगा, आम्ही कमी सूट मान्य करू.

आता पैशांचं. सध्या निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल उतरल्यावर सात दिवसांत देतो. आमच्या ग्राहकांकडून पैसे यायला महिना लागतो, त्यामुळे मोठ्या ऑर्डरला निम्मी आगाऊ रक्कम झेपणार नाही. ऑर्डर पक्की करताना 20 टक्के आगाऊ, म्हणजे कागदाच्या खरेदीला तुमच्या हातात पैसे राहतील, आणि उरलेले 80 टक्के प्रत्येक लॉटमागे 30 दिवसांत, असं सुचवतो. दिवस बिलाच्या तारखेपासून नव्हे, चलनावर आमचा शिक्का पडल्यापासून मोजावेत. बहुतेक उशिरांचा घोळ इथेच होतो.

उधारी वाढत जाईल ही तुमची काळजी रास्त आहे. म्हणून मर्यादा आम्हीच घालून घेतो: एका वेळी दोनच लॉट थकीत. पहिल्या लॉटचे पैसे जमा झाल्याशिवाय तिसरा गाडीत चढवू नका, आम्ही तक्रार करणार नाही. काही खोकी नापास झाली तर तेवढ्याच खोक्यांची रक्कम थांबवू, पूर्ण बिल अडवणार नाही. आणि नापास माल उतरल्यापासून तीन दिवसांत फोटोसह कळवू. एखाद्या महिन्यात तुम्हालाच पैशांची निकड असली तर दहा दिवसांत चुकतं करू, त्या लॉटवर दीड टक्का जास्त सूट द्या.

दर आणि मुदत दोन्ही एकदम जमत नसेल, तर आम्हाला मुदत जास्त गरजेची आहे. सूट 5 टक्क्यांवर आणली तरी चालेल. मग उचल कमी पडल्यास परत करायची रक्कमही त्याच प्रमाणात ठरवू.

पुढच्या बुधवारी दुपारी कारखान्यावर येऊ का? दोन्ही मापांचे नमुने आणि बारा महिन्यांचं वेळापत्रक सोबत आणतो. छपाईच्या मास्तरांनाही बसवून घ्या. ब्लॉकची जागा बदलायची आहे आणि त्यातलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. तोपर्यंत चालू ऑर्डर जुन्याच दराने आणि जुन्याच अटींवर पूर्ण करू, तिची आगाऊ रक्कम आज पाठवली आहे.

वहिनींना नमस्कार.

आपला,
खरेदी विभागप्रमुख