रविवारी ‘स्मृतिचित्रे’ वाचूया: नव्याने लिहिलेलं निमंत्रण

नमस्कार,

रविवार, २२ फेब्रुवारी २०२६ रोजी संध्याकाळी ५ ते ७ आपण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला बसतो आहोत. पुस्तक वाचलेलं असो, अर्धं सोडलेलं असो, की आज पहिल्यांदा नाव ऐकत असाल, तुम्ही या. आमच्या वाचनकट्ट्यावर याआधी कधी आला नसाल तर जरूर या. हे निमंत्रण आधी तुमच्यासाठीच आहे.

काही जणांना चार दिवसांपूर्वी आमचा एक मेसेज आला असेल: ‘मासिक सभा. विषय: मराठी आत्मचरित्र. उपस्थिती प्रार्थनीय. कृपया वेळेवर यावे.’ तो बाजूला ठेवा. तो मीच लिहिला होता. गेली तीन वर्षं दर महिन्याला तारीख आणि विषय बदलून तोच जात होता. मग परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एक ताई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “मी मागे आले होते हो तुमच्या कार्यक्रमाला. दारातून पाहिलं, सगळे वह्या घेऊन बसलेले. म्हटलं, हे अभ्यासू लोकांचं काम आहे, आणि परत गेले.” त्यांना वाचायची फार आवड आहे. दुपारी गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेल्या मी त्यांना कितीदा पाहिलंय. त्या दारापर्यंत आल्या आणि आम्हाला कळलंही नाही, हे मला फार लागलं. ‘उपस्थिती प्रार्थनीय’ या दोन शब्दांतून कुणाला कळणार की आत जागा आहे, चहा आहे आणि आपली वाट पाहिली जाते आहे? म्हणून हे पुन्हा, सविस्तर लिहिते आहे.

आधी पुस्तकाबद्दल, कारण तेच खरं बोलावणं आहे.

लक्ष्मीबाई आपल्या नाशिकच्या. १८६८ मध्ये गोदाकाठच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात मनू. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं नारायण वामन टिळकांशी, म्हणजे ‘केवढे हे क्रौर्य’ लिहिणाऱ्या रेव्हरंड टिळकांशी. ते तेव्हा अठराच्या आसपासचे. बाईंना लिहा-वाचायला शिकवलं ते याच नवऱ्याने. आणि त्याच बाईंनी उतारवयात मराठीतलं एक अतिशय जिवंत आत्मचरित्र लिहिलं. पहिला भाग १९३४ मध्ये आला, पुढचे भाग येत गेले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी बाई गेल्या. आपण बसतो आहोत त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांना जाऊन नव्वद वर्षं होतील. त्याच आठवड्यात २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन येतो. भाषेचा गौरव भाषणांत शोधण्यापेक्षा या पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्याने वाचावं असं म्हणते, कारण हे पुस्तक लिहिल्यासारखं वाटतच नाही. दुपारची कामं आवरून कुणी आजी भिंतीला टेकून बसली आहे आणि सांगते आहे, असं ते कानावर येतं. सुरुवातीलाच पाहा. १८५७ च्या बंडानंतर मनूच्या आईच्या वडिलांना फाशी होते आणि त्यानंतर तिच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागतं. वेड म्हणजे किती, तर बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं! पाण्यात मीठ धुतलं तर हातात काय उरणार? वाचताना आधी हसू फुटतं. मग दोन पानांनी लक्षात येतं की त्या घरातल्या बायकामुलांचा सगळा दिवस त्या धुण्यातच जात होता, आणि हसू घशात अडकतं. बाई मात्र कुठेही रडगाणं गात नाहीत, कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभंही करत नाहीत. घडलं ते सांगतात आणि पुढच्या गोष्टीकडे वळतात.

पुढे टिळक. घरात पै नसताना खिशातलं दुसऱ्याला देऊन टाकणारा, न सांगता घरातून निघून जाणारा, रागीट, हळवा, मोठा कवी. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. बाई तेव्हा हिंदू रीतीने, सोवळ्या-ओवळ्यात जगणाऱ्या. नवरा जिवंत आहे आणि तरीही आपला राहिलेला नाही, या अवस्थेचं त्यांनी जे वर्णन केलंय ते मी पहिल्यांदा रात्री वाचलं आणि पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. त्यानंतर त्या टिळक राहत होते त्या गावी राहायला गेल्या, तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मनातल्या भिंती एकेक करून पडायला पाच वर्षं लागली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तो नवऱ्याच्या मागे डोळे मिटून नाही, स्वतः विचार करून. मला या पुस्तकात सगळ्यात मोठी वाटते ती हीच पाच वर्षं. त्यांच्यावर आपण निवांत बोलूया.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. धर्म चांगला की वाईट, धर्मांतर बरोबर की चूक, यावर आपल्याला निवाडा द्यायचा नाही. कट्ट्यावर सगळ्या घरांतली माणसं येतात. आपल्याला बोलायचंय ते या बाईबद्दल, या संसाराबद्दल आणि ते वाचताना आपल्याला आपल्या घरातलं कोण आठवलं त्याबद्दल. मला माझी आजी आठवते. ती घासलेली भांडी पुन्हा विसळायची.

आता तिथे होतं काय, ते.

पाच ते साडेपाच आम्ही दोघी पुस्तकातले दोन भाग वाचून दाखवणार. एक लहानपणाचा, सोवळ्याचा. दुसरा टिळक ख्रिस्ती झाल्यानंतरचा. म्हणजे ज्यांनी एक ओळही वाचलेली नाही त्यांच्याही हातात बोलण्यापुरतं येईल. त्यानंतर चहा आणि चिवडा. मग गोल बसून गप्पा. व्याख्यान नाही, अध्यक्ष नाही, माइक नाही. बहुतेक जण सतरंजीवर बसतात. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी खुर्च्या आधीच मांडलेल्या असतात, मागून घ्याव्या लागत नाहीत. बोलायची पाळी तुमच्याकडे आली आणि बोलावंसं वाटलं नाही, तर ‘पुढे’ म्हणा, पुढचा माणूस बोलेल. कुणी कारण विचारत नाही. दोन महिने नुसतं ऐकून तिसऱ्या महिन्यात भरभरून बोललेले लोक आमच्यात आहेत. बोली कुठलीही चालते. एक काका अहिराणीतच बोलतात आणि त्यांचं बोलणं संपू नये असं वाटतं.

पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आणखी थोडं, कारण हे प्रश्न मनात येतात आणि विचारायला संकोच वाटतो. पैसे लागत नाहीत. सभासद व्हावं लागत नाही, वहीत नाव-पत्ता लिहावा लागत नाही. ओळख करून देताना फक्त नाव सांगा. शिक्षण, नोकरी, आजवर काय काय वाचलंय, यातलं काही नाही. एकटे आलात तरी एकटे बसणार नाही, शेजारी कुणीतरी जुनं माणूस असेल. मैत्रिणीला, आईला, सासूबाईंना घेऊन आलात तर आनंदच. मूल घरी ठेवणं शक्य नसेल तर त्यालाही आणा, कोपऱ्यात रंगीत खडू आणि कागद ठेवते आहे. उशीर झाला तरी आत या, लवकर निघायचं असेल तर शांतपणे निघा. ‘वेळेवर यावे’ हे वाक्य आम्ही काढून टाकलं आहे.

पुस्तक हवं असेल तर माझ्याकडे दोन प्रती आहेत, त्या आठ-आठ दिवसांसाठी फिरवू. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, विचारून पाहा, ओळखीच्यांच्या कपाटात शोधा. अनेक घरांत जुनी प्रत असते. संपूर्ण पुस्तक जाडजूड आहे, ते पाहून बिचकू नका. संक्षिप्त आवृत्तीही मिळते. तेवढाही वेळ नसेल तर फक्त पहिली तीस-चाळीस पानं वाचा. तेही जमलं नाही तर तसेच या, आम्ही वाचून दाखवणारच आहोत.

जागा: गंगापूर रोडवर आकाशवाणी टॉवरच्या स्टॉपला उतरा. तिथून समोरच्या गल्लीत पाच मिनिटं चालत आलात की डाव्या हाताला पिवळ्या फाटकाची सोसायटी. हॉल तळमजल्यावर आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. दुचाकी आत लावता येते. चारचाकी मात्र गल्लीच्या तोंडाशी लावा, आत वळायला जागा नाही.

जुन्या मंडळींना एक विनंती आणि ती मी अगदी कळकळीने करते. वह्या आणा, खुणा केलेली पुस्तकं आणा, पण पहिला अर्धा तास ती पिशवीत राहू द्या. दाराकडे तोंड करून बसा. दारात कुणी घुटमळताना दिसलं, तर बोलणारा बोलत असला तरी उठा आणि त्यांना आत घेऊन या. ‘मागच्या वेळी आपण म्हणालो होतो ना’ अशी वाक्यं या वेळी टाळूया, कारण मागच्या वेळी नसलेला माणूस ती ऐकतो आणि गप्प होतो. आणि हा मेसेज नुसता पुढे ढकलू नका. ज्यांना बोलवावंसं वाटतं त्या एका माणसाला फोन करा. जिन्यात भेटलेल्या त्या ताईंना मी स्वतः जाऊन सांगून आले आहे. त्या म्हणाल्या, “मग ते मीठ धुण्याचं मी वाचू का?” म्हणजे वाचून दाखवणाऱ्या आम्ही दोघी कोण, हे आता ठरलं आहे. पहिला भाग त्या वाचतील.

येणार असाल तर याच मेसेजला ‘येते’ किंवा ‘येतो’ एवढंच उत्तर द्या, म्हणजे चहाचा अंदाज येईल. नक्की नसेल तर कळवू नका, ऐनवेळी आलात तरी कप कमी पडणार नाहीत. पावणेपाचपासून मी फाटकाशी उभी असेन, हातात निळ्या कव्हरात घातलेली ‘स्मृतिचित्रे’ असेल. पहिल्यांदा येत असाल तर फक्त माझ्यापर्यंत या.

तुमची,
मेधा
वाचनकट्टा, गंगापूर रोड, नाशिक