हिंदमाताच्या नाक्यावरची बाई

साडेदहाला पाणी घोट्याच्या वर आलं, तसे हवालदार शिंगट्यांनी गमबूट काढून चौकीच्या खिडकीत ठेवले आणि पट्ट्यांची प्लॅस्टिकची सँडल घातली. गमबुटात एकदा पाणी शिरलं की प्रत्येक पाय घागरीएवढा जड होतो. शिवाय पायाला रस्ता कळत नाही. आणि हिंदमाताला पाणी भरलं की डोळ्यांचा उपयोग तसाही नसतो, जे काय कळायचं ते पायालाच.

"दादा, काच लागेल," रेश्मा म्हणाली. तिला ट्रॅफिकला येऊन तीन महिने झाले होते.

"लागेल. पण खड्डा तरी कळेल."

भरतीची वेळ बारा चाळीस, चार पूर्णांक सहा मीटर. हे त्यांना हवामान खात्याने सांगायची गरज नव्हती. जूनमध्येच पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्यांचा तक्ता त्यांनी चौकीत गणपतीच्या फोटोखाली चिकटवला होता. हिंदमाता म्हणजे बशी. चारी बाजूंचं पाणी उतारानं इथे येतं, आणि समुद्र चढला की नाल्यांच्या तोंडाची दारं बंद करावी लागतात, नाहीतर समुद्रच उलटा आत यायचा. मग पाऊस वरून, समुद्र समोरून, मध्ये फक्त ब्रिटानिया केंद्राचे पंप. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्सच्या मैदानाखाली टाक्या बांधल्यापासून पाणी पूर्वीसारखं दिवसभर बसून राहत नाही, हे शिंगटे प्रामाणिकपणे कबूल करत. पण तासाभरात असा कोसळला की टाक्या तरी काय करणार.

"तू वर जा, पुलाच्या तोंडाशी. दादरकडनं येणारी एकही गाडी खाली सोडायची नाही. सगळी पुलावर चढव. कोणी म्हणेल मला इथंच खाली जायचंय, दोनशे मीटरवर दुकान आहे. त्याला सांग, दुकान कुठं पळत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी खाली. जे अडकलेत त्यांना काढतो."

अकराला पाणी गुडघ्याला लागलं. शिट्टीतली गोळी ओली होऊन चिकटली, आता नुसती हवा सुटल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी शिट्टी खिशात टाकली आणि काठी उंच धरली. सकाळपासून त्यांचं बोलणं तेच तेच चाललं होतं. पहिल्या गिअरमध्ये घे. ॲक्सिलरेटर सोडू नको, सोडलास की सायलेन्सरमधून पाणी गिळते गाडी. बंद पडली तर परत स्टार्टर मारू नको, ढकल. स्कूटरवाल्याला हे सांगेपर्यंत त्यानं तीनदा स्टार्टर मारलेला असायचा.

सगळ्यात मोठा त्रास बसचा. गाडी उंच, ड्रायव्हरला पाण्याचं काही वाटत नाही. पण बस जरा जोरात गेली की तिच्यामागे लाट उठते आणि ती सरळ दोन्ही बाजूंच्या दुकानांत घुसते. हिंदमाताची दुकानं म्हणजे कापडाची. आत माणसं स्टुलावर चढून साड्यांचे गठ्ठे वरच्या फळीवर टाकत होती, आणि प्रत्येक लाटेला अख्खी ओळ एका आवाजात शिव्या घालत होती. शिंगटे दर बसपुढे हात आडवा करून उभे राहत. ड्रायव्हर काच सरकवून म्हणे, "काय साहेब, पोहत नेऊ का?" ते म्हणत, "पोहतच ने. सावकाश."

एवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेला. पिशवीवरूनच त्यांनी बटण दाबलं. गावाकडून, माण तालुक्यातून, थोरला भाऊ.

"दत्ता, आभाळ नुसतं भरून येतंय रं. टिपूस न्हाई. बाजरी माना टाकाय लागली. तिकडं हाय का पाऊस?"

"हाय जरासा," शिंगटे म्हणाले. "ठेव. नंतर करतो."

आणि तेव्हाच त्यांना ती पिशवी दिसली.

पिवळी, प्लॅस्टिकची, रिकामी. रस्त्याच्या डाव्या कडेनं वाहत होती, इतर कचऱ्यासारखीच उताराच्या दिशेनं. साडीच्या एका मोठ्या दुकानासमोर आल्यावर ती थांबली. एक फेरी मारली. दुसरी, जरा लहान. तिसरी. आणि खाली ओढल्यासारखी गेली. परत आली नाही.

शिंगट्यांच्या पोटात गोळा आला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये याच भागात, फार लांब नाही, असाच पाऊस होता आणि एक मोठे डॉक्टर गाडी सोडून पायी घरी निघाले होते. झाकण उघडं होतं. दोन दिवसांनी ते वरळीच्या समुद्राकडे सापडले. तेव्हा शोधणाऱ्यांना रस्ता करून द्यायच्या ड्युटीवर शिंगटे होते. तेव्हापासून पाण्यात फिरणारा कचरा ते बघत.

काठीनं चाचपत ते पुढे गेले. काठी टेकली, टेकली, टेकली, आणि मग टेकली नाही. हातातून निसटता निसटता त्यांनी ती ओढून घेतली. सँडलच्या टोकाला लोखंडी कड लागली. पाण्याची ओढ पोटरीला कळत होती, कोणी लहान मुलानं पँट धरून ओढावी तशी. खाली जाळी आहे की नाही, हे वरून कळायला मार्ग नव्हता. पाय घालून बघायची गोष्टही नव्हती.

त्यांनी भोकाच्या एक हात अलीकडे पाय रोवले आणि वायरलेस तोंडाशी धरला. "कंट्रोल, हिंदमाता. मॅनहोल उघडं आहे. माणूस आणि बॅरिकेड लवकर पाठवा." पलीकडून आवाज आला, पथक निघालंय, सायनला अडकलंय. सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद, लोक चालत निघालेत. लोक चालत निघालेत म्हणजे ते इथूनच जाणार. परळकडे, लालबागकडे, दुकानांच्या कडेकडेनं. कारण कडेनं चाललं की सुरक्षित, असं सगळ्यांना वाटतं.

आले. आधी दोघं-चौघं, मग रांगच. डोक्यावर बॅगा, हातात चपला. शिंगटे ओरडत होते, "इकडनं नको, मधून चला! दुभाजकाला धरून!" पावसात अर्ध्यांना ऐकू जात नव्हतं. मागे नाक्यावर एक टेम्पो आडवा झाला होता, त्याच्यामागे टॅक्स्या, कोणी हॉर्न सोडत नव्हतं. तिकडे गेले तर इथे कोण? इथे राहिले तर तिकडे कोण? पंधरा मिनिटं ते एका भोकाची राखण करत उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नाका गुंतत चालला होता.

मग त्यांनी दुकानाकडे पाहिलं. पायरीवर शेठ उभे. त्यांच्या शेजारी सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, कंबरेपर्यंत भिजलेला. दाराला टेकवून ठेवलेली पहार. टोकाला ताजी, चकचकीत खरवड.

शेठनीही पाहिलं की यांनी पाहिलं.

"साहेब, पाणी आत येत होतं," शेठ म्हणाले. "चाळीस लाखांचा माल आहे. सणाचा."

शिंगट्यांच्या तोंडाशी बरंच आलं होतं. पण तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. "काहीतरी उंच द्या," ते म्हणाले. "माणसाएवढं. लांबून दिसेल असं. पहिलं ते द्या, मग बोलू."

बांबू नव्हता. टेबल वाहून गेलं असतं. स्टूल बुटकं. पोरगा आत पळाला आणि काचेमागची बाई खांद्यावर घेऊन आला. फायबरचा पुतळा, नवरीच्या वेशातला. लाल शालू, जरीचा पदर, कपाळावर मुंडावळ्यासुद्धा.

"अरे, तो बारा हजारांचा..." शेठ म्हणाले, आणि गप्प बसले.

शिंगट्यांनी एकदा बाईकडे पाहिलं, एकदा पोराकडे. "दोरी आण. आणि ती पहार."

कड पायानं चाचपत त्यांनी भोकाच्या अलीकडे, दोन फरशांच्या फटीत पहार रोवली. पोरगा वरून धोंड्यानं ठोकत होता, शिंगट्यांनी एका हातानं त्याच्या पँटचा पट्टा घट्ट धरला होता. पहारीला बाई बांधली, कमरेला आणि मानेला. उरलेली दोरी दुकानाच्या शटरच्या कडीपासून बाईपर्यंत आणि तिथून दुभाजकाच्या रेलिंगपर्यंत ताणली. पदर सुटून दोरीवर फडफडायला लागला.

लोक थांबले. चालत येणारी रांग बाईपाशी येऊन आपोआप वळली आणि मधून जायला लागली. कोणी हसलं, कोणी मोबाईल काढला. एका आजीनं तर येता-येता हात जोडले. तिला काय वाटलं कोण जाणे. इतका वेळ घसा फोडून जे झालं नव्हतं ते लाल शालूनं दोन मिनिटांत केलं. हवालदार म्हणून याचा थोडा अपमानही वाटला त्यांना.

"तू इथं उभा राहा," ते पोराला म्हणाले. "दोरी सोडायची नाही. दोरीपलीकडे कोणाला जाऊ द्यायचं नाही. शेठलासुद्धा नाही."

"हो साहेब."

"नाव काय?"

"सूरज."

"कोणी सांगितलं होतं रे झाकण काढायला?"

सूरजनं शेठकडे पाहिलं नाही. पाण्याकडे पाहत राहिला. शिंगटे वळले आणि टेम्पोकडे गेले.

टेम्पो आठ जणांनी ढकलून पुलाखाली लावला. टॅक्स्या एकेक करून मागे घेतल्या. वरून रेश्मा वायरलेसवर विचारत होती, "दादा, पुलावरून खाली लाल काय दिसतंय? कोणी बाई अडकलीय का?"

"अडकली नाही. ड्युटीवर आहे."

दीडनंतर समुद्र उतरायला लागला. पाणी खेचलं जातंय हे आधी शटरांवर कळतं, ओल्या रेघेखाली नवी ओली रेघ दिसते. एका दुकानदारानं खांबावर २००५ ची खूण तेलरंगानं काढून ठेवली आहे, माणसाच्या छातीएवढी. आजचं पाणी त्याच्या बरंच खाली राहिलं. अडीचला पथकाची गाडी आली. झाकण चार फुटांवर गाळात सापडलं. कामगारांनी हुक घालून ते जागेवर बसवलं, वर उभं राहून नाचून पाहिलं, आणि कागदावर सही घेऊन पुढच्या नाक्यावर गेले.

शेठच्या दुकानाचं नाव आणि वेळ शिंगट्यांनी वहीत लिहून घेतली. शेठ काही बोलले नाहीत. चहा पाठवला, तो शिंगट्यांनी सूरजला दिला.

चौकीच्या पायरीवर बसून ते पाय पुसत होते. डाव्या टाचेला काच लागलीच होती. रेश्मानं दवाखान्यातून लेप्टोच्या गोळ्या आणून दिल्या. "पाण्यातनं चाललेल्या सगळ्यांना देतायत," म्हणाली. "जखम असेल तर घ्यायच्याच." त्यांनी तिच्याकडची बाटली घेऊन गोळी गिळली.

समोरून सूरज आला. खांद्यावर बाई, शालूला गुडघ्यापर्यंत गाळ, मुंडावळ्या एका कानावर. दुसऱ्या हातात पहार.

"साहेब, नेऊ का?"

"बाईला ने. पहार ठेव इथं."

त्यानं पहार चौकीच्या भिंतीला टेकवली. निघाला, दोन पावलं गेला आणि थांबला.

"आणि उद्या परत भरलं तर?"

"भरलं तर बाईला घेऊन ये," शिंगटे म्हणाले, आणि टाचेतली काच काढायला खाली वाकले.